गिऱ्हाईक परदेशी, घड्याळही त्याचेच

परदेशी खरेदीदाराशी कसे वागावे याविषयी आपल्याकडे जे सांगितले जाते त्याचा बराचसा भाग पहिल्या पाच मिनिटांचा असतो. जपानी माणसापुढे किती वाकावे, जर्मन माणसाशी हस्तांदोलन कसे करावे, अरब यजमानाने दिलेली कॉफी उजव्या हाताने घ्यावी, अमेरिकनाला पहिल्या नावाने हाक मारावी. ही माहिती खरी आहे आणि ती असावी. पण निर्यातीचे व्यवहार या पाच मिनिटांत क्वचितच फिसकटतात. भारतातून आलेला माणूस नीट वाकला नाही म्हणून ऑर्डर परत घेणारा खरेदी अधिकारी सापडणे कठीण. परक्याच्या अशा चुका बहुतेक ठिकाणी सहज माफ होतात. माफ होत नाहीत त्या चुका नंतरच्या महिन्यांतल्या असतात. खरेदीदाराच्या घरात निर्णय कसा तयार होतो हे न ओळखता भलत्या वेळी घाई करणे, भलत्या वेळी ढिलाई करणे, समोरच्याच्या शांततेचा किंवा उत्साहाचा चुकीचा अर्थ लावणे, या त्या चुका. माझे म्हणणे असे की परदेशी व्यापारातला शिष्टाचार हा मुळात निर्णयाच्या गतीचा शिष्टाचार आहे, आणि अभिवादन हा त्याचा सर्वांत सोपा भाग आहे. पुणे, चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यात यंत्रभाग बनवणारे असंख्य लहान-मध्यम कारखाने आहेत आणि त्यातले अनेक जण जपानी व जर्मन कंपन्यांना माल विकतात किंवा विकू पाहतात. म्हणून मुख्य उदाहरण जपानचे घेतो. जर्मनी, अमेरिका आणि आखात तुलनेपुरते.

या विषयाचा पद्धतशीर विचार सुरू झाला त्याला साठ वर्षांहून अधिक काळ लोटला. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये ‘द सायलेंट लँग्वेज’ हे पुस्तक लिहिले आणि पुढच्याच वर्षी ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये परदेशी व्यापारासाठी तोच विचार मांडला. वेळ, अंतर, वस्तू, मैत्री आणि करार यांबद्दलच्या समजुती प्रत्येक समाजात वेगळ्या असतात, आणि त्या कुणी बोलून दाखवत नाही, असा त्याचा मुद्दा होता. त्याच्यानंतर डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड याने आयबीएमच्या निरनिराळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांच्या पाहण्यांवरून १९८० मध्ये देशादेशांतले फरक आकड्यांत मांडले. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत आज दिसणारे देशवार तक्ते मुख्यत्वे तिथून आले. त्यांच्यावर आक्षेपही तितकेच जुने आणि वजनदार आहेत. एका कंपनीच्या नोकरांवरून अख्खा देश कसा ओळखायचा, असे ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये विचारले. नंतरच्या संशोधनातही असे दिसले की माणसांच्या मूल्यांमधला बहुतेक फरक एकाच देशातल्या माणसा-माणसांत असतो, देशादेशांत त्यामानाने कमी. मला हे आक्षेप पटतात, आणि त्यातूनच कामाची वाट निघते असे वाटते. जपानी माणूस स्वभावाने कसा असतो हा प्रश्न विक्रेत्याने सोडून द्यावा. जपानी कंपनीत खरेदीचा कागद कुणाकुणाच्या हातून जातो, हा प्रश्न विचारावा. स्वभावाबद्दल अंदाज बांधावे लागतात, कार्यपद्धती मात्र विचारून कळते.

अभिवादनाकडेही याच नजरेने पाहिले तर त्यातून बरेच कळते. जपानी कंपनीच्या बैठकीत पहिला प्रसंग व्हिजिटिंग कार्डांचा. कार्ड दोन्ही हातांनी, नाव समोरच्याला वाचता येईल अशा बाजूने द्यायचे. घेतानाही दोन्ही हातांनी घ्यायचे, क्षणभर वाचायचे, नावाला ‘सान’ जोडून उच्चारायचे. देवाणघेवाण सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीपासून सुरू होते आणि विकायला आलेल्याने आधी कार्ड पुढे करायचे असते. बसल्यावर ती कार्डे खिशात न टाकता टेबलावर, समोरची माणसे ज्या क्रमाने बसली आहेत त्याच क्रमाने मांडायची. त्यांच्यावर पेनाने काही लिहायचे नाही. हा सोहळा आदरासाठी आहेच, पण विक्रेत्यासाठी तो माहितीचा तक्ताही आहे. समोर सहा कार्डे आली तर त्यांतले खरेदी विभागाचे एखादे, बाकीची आरेखन, गुणवत्ता, उत्पादन-तंत्र अशा विभागांची असतात. आपण ज्याच्याशी महिनाभर ईमेलवर बोलत होतो तो निर्णय घेणारा नसून निर्णयासाठी साहित्य गोळा करणारा आहे, हे या मांडणीतच दिसते. दारापासून सर्वांत लांबच्या खुर्चीचा मान ज्याला मिळाला तो गृहस्थ कदाचित तासाभरात दोन वाक्ये बोलेल. त्या दोन वाक्यांची नोंद करायची. कार्ड कसे धरायचे एवढेच शिकून आलेल्याला यातले काहीच दिसत नाही.

सहा विभागांची माणसे येण्याचे कारण निर्णयाच्या रचनेत आहे. मोठ्या जपानी कंपन्यांत ‘रिंगी’ नावाची पद्धत रूढ आहे. खालच्या किंवा मधल्या पातळीवरचा अधिकारी प्रस्ताव लिहितो. तो संबंधित विभागांतून फिरतो. प्रत्येक जण आपली मोहोर उमटवतो आणि मग तो वर जातो. हा कागद फिरू लागण्यापूर्वी त्या अधिकाऱ्याने प्रत्येक विभागात जाऊन, खासगीत बोलून, शंका मिटवून संमती जमवलेली असते. या पूर्वतयारीला ‘नेमावाशी’ म्हणतात. जेफ्री लायकर यांनी २००४ च्या ‘द टोयोटा वे’ या पुस्तकात टोयोटाची जी चौदा तत्त्वे मांडली त्यातले तेरावे हेच आहे: सर्वांची संमती घेत, सर्व पर्याय तपासत निर्णय सावकाश घ्या, अंमलबजावणी मात्र वेगाने करा. याचा विक्रेत्याच्या दृष्टीने अर्थ असा की समोरासमोरची बैठक ही निर्णयाची जागा नव्हेच. तिथे माहिती घेतली जाते किंवा आधीच ठरलेले औपचारिकपणे सांगितले जाते. त्या बैठकीत ‘मग आज पक्के करून टाकू या का?’ असे विचारणे म्हणजे ज्या अधिकाऱ्याला एकट्याने हो म्हणण्याचा अधिकारच नाही त्याला सगळ्यांसमोर अडचणीत टाकणे होय.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते एका कल्पित पण नेहमीच्या प्रकरणावरून पाहू. समजा, भोसरीत साठ कामगारांचा एक कारखाना सीएनसी यंत्रांवर शाफ्ट बनवतो. नागोयाजवळच्या एका वाहनभाग कंपनीला दुसरा पुरवठादार हवा आहे. प्रदर्शनात ओळख झाली, आरेखन आले, दर पाठवला, पहिली बैठक छान झाली. आठवड्याने तीस प्रश्नांची यादी येते: कच्च्या मालाच्या प्रत्येक घाण्याची नोंद कशी ठेवता, कापणीचे टूल किती नगांनंतर बदलता, नाकारलेले नग कुठे जातात, दुसऱ्या पाळीत तपासणी कोण करतो. मालकाला वाटते, आपल्याकडे प्रमाणपत्र आहे, ते पाठवलेही आहे, मग हे कशासाठी? तो पंचवीस प्रश्नांची उत्तरे देतो, पाच गाळतो. मग दहा दिवस शांतता. मालक अस्वस्थ होतो. प्रतिस्पर्ध्याने दर पाडला असेल अशी शंका येऊन तो न मागताच दर चार टक्क्यांनी कमी करून ईमेल टाकतो, आणि ‘लवकर कळवा’ असे जोडतो.

त्या दहा दिवसांत तिकडे काय चालले होते? खरेदी अधिकारी त्या पंचवीस उत्तरांवर प्रस्ताव तयार करत होता. गाळलेल्या पाच प्रश्नांपैकी दोन गुणवत्ता विभागाचे होते, म्हणून तो विभाग अडून बसला होता. दराला आरेखन आणि लेखा या दोन्ही विभागांची संमती मिळाली होती. आता नवा दर आला. त्यामुळे अधिकाऱ्याला प्रत्येकाकडे परत जाऊन एक अवघड प्रश्न सोडवावा लागतो: दहा दिवसांत खर्च चार टक्के कमी कसा झाला? कोणती तपासणी गाळली? की आधीचाच आकडा फुगवलेला होता? दर कमी झाल्याचा आनंद होण्याऐवजी आधीच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास कमी होतो. आपल्या बाजारात घासाघीस गृहीत असते, म्हणून पहिला दर थोडा चढाच लावतात हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. तिथे दराच्या तपशिलाची फोड मागतात: माल इतका, यंत्राचा वेळ इतका, पॅकिंग इतके. दर उतरायचा तर या फोडीतले काहीतरी बदलले पाहिजे. त्या ईमेलऐवजी मालकाने राहिलेली पाच उत्तरे पाठवली असती, त्यातल्या एकात ‘ही नोंद आम्ही आजवर ठेवत नव्हतो, पुढच्या महिन्यापासून ठेवू, तिचा नमुना सोबत जोडला आहे’ असे लिहिले असते, तर अधिकाऱ्याच्या हातात प्रस्ताव पुढे सरकवायला साहित्य मिळाले असते. या टप्प्यावर विक्रेत्याचे खरे काम तेच आहे. आपल्या गैरहजेरीत आपली बाजू मांडणाऱ्या माणसाला त्याने पुरेसे कागद पुरवावेत.

प्रकरण पुढे सरकते आहे की मेले आहे हे ओळखता येते. प्रश्न बारीक होत जाणे, नव्या विभागांची माणसे पत्रव्यवहारात येणे, प्रक्रियेचा तपशीलवार तक्ता मागणे, कारखाना पाहायला येण्याची तारीख विचारणे ही पुढे सरकण्याची लक्षणे. उत्तरे सौजन्याची पण एकाच माणसाची, नवा प्रश्न एकही नाही, ‘सध्या थोडे कठीण आहे’, ‘विचार करून कळवतो’ अशी वाक्ये येत राहणे हे बहुधा नकाराचे लक्षण. तिथे तोंडावर नाही म्हणणे टाळतात. आपणही टाळतो, त्यामुळे हे ओळखायला आपल्याला खरे तर जड जाऊ नये. अशा वेळी पाठपुरावा करून छळू नये. दोन-तीन महिन्यांनी एखादी नवी माहिती, नवे यंत्र किंवा नवी चाचणी कळवावी आणि थांबावे.

कारखान्याची पाहणी हा शिष्टाचाराचा सर्वांत दुर्लक्षित प्रसंग आहे. हार, शाल, केळवणासारखे जेवण यांची तयारी जोरात होते. पाहुणे मात्र नाकारलेल्या नगांची लाल पेटी शोधतात, मोजमापाच्या साधनांवर तपासणीची शेवटची तारीख वाचतात, आणि यंत्रावरच्या कामगाराला विचारतात, ‘हा नग चुकला तर तू काय करतोस?’ इथे मालकाने मध्ये पडून उत्तर दिले की पाहुण्यांना हवे ते उत्तर मिळालेच: या कारखान्यात कामगाराला बोलू देत नाहीत. त्याला मराठीत बोलू द्यावे आणि दुभाष्याने भाषांतर करावे. पुण्यात जपानी शिकलेली माणसे पिढ्यान्‌पिढ्या तयार होत आली आहेत, हे या पट्ट्याचे भाग्य आहे. पण दुभाष्याला आदल्या दिवशी आरेखन आणि तांत्रिक शब्दांची यादी देण्याचे कष्ट फार थोडे लोक घेतात. लहान वाक्ये बोलून थांबावे, आणि बोलताना दुभाष्याकडे न पाहता पाहुण्याकडे पाहावे.

आता गतीची दुसरी बाजू. नमुने मंजूर झाले, लहान घाणा पास झाला, वर्ष-दीड वर्षाने ऑर्डर आली. इतके दिवस ‘हे लोक किती वेळ काढतात’ म्हणणारा मालक आता सांगतो, फिक्स्चर बनवायला तीन महिने लागतील. इथे संबंध तुटतात. खरेदीदाराच्या दृष्टीने निर्णयाला लागलेला वेळ हा सगळ्यांच्या तयारीचाही वेळ होता. मोहोर उमटली की त्याच्या कारखान्यातले वेळापत्रक दिवसांवर आणि तासांवर चालते. आणि एकदा मंजूर झालेली पद्धत न कळवता बदलणे, म्हणजे पोलादाचा पुरवठादार बदलणे, यंत्र दुसऱ्या शेडमध्ये हलवणे, एखादे काम बाहेर देणे, हा त्यांच्या लेखी मोठा अपमान आहे. माल उत्तम निघाला तरीही. वाईट बातमीचेही तसेच. खराब नग गेल्याचे कळताच, कारण सापडलेले नसतानाही, त्याच दिवशी कळवायचे: किती नग, कोणत्या तारखेचे, पुढे जाऊ नयेत म्हणून काय केले. कारण नंतर शोधून लिहायचे. आपल्याकडे कारण आणि उपाय दोन्ही हातात आल्याशिवाय तोंड दाखवू नये असे वाटते, आणि हेतू चांगला असतो. पण त्या चार दिवसांत खराब नग त्यांच्या जुळणीपर्यंत पोहोचलेले असतात.

बैठकीच्या तालाबद्दल शांततेचा मुद्दा वेगळा सांगायला हवा, कारण पैशाचे थेट नुकसान इथे होते. भाषाअभ्यासक हारू यामादा यांनी जपानी आणि अमेरिकन व्यावसायिक बैठकांची तुलना केली तेव्हा जपानी बैठकीतली शांतता आठ सेकंदांपर्यंत सहज जात होती, अमेरिकन बैठकीत साधारण साडेचार. आठ सेकंद ऐकायला थोडे वाटतात. दर सांगितल्यानंतर समोर सहा माणसे खाली बघत गप्प बसली की ते फार लांब होतात. आपला विक्रेता ती पोकळी भरतो, आणि भरतो ती बहुधा सवलतीने. समोरचे केवळ विचार करत होते. दर सांगून झाला की पाण्याचा घोट घ्यावा, वहीत लिहावे, पण पुढचे वाक्य त्यांना बोलू द्यावे.

जर्मनीत अभिवादन सोपे आहे. घट्ट, आटोपशीर हस्तांदोलन, आडनावाने संबोधन, डॉक्टरेट असेल तर तिचा उल्लेख. वेळेचा नियम मात्र कडक. दहाच्या बैठकीला दहा वाजून दहा मिनिटांनी पोहोचणार असाल तर पावणेदहालाच फोन करायचा. इकडतिकडच्या गप्पा थोड्या, मग विषयपत्रिका. टीका थेट होते आणि ती मालावर असते, माणसावर नसते. ‘हे आरेखन चुकीचे आहे’ हे वाक्य ऐकून आपला इंजिनिअर दुखावतो आणि उत्तर द्यायचे सोडून समजूत घालू लागतो, तेव्हा बैठक बिघडते. बैठकीनंतर कोण काय केव्हापर्यंत करणार याची लेखी नोंद फिरते आणि तिला कराराइतके मानतात. निर्णयाला जर्मन कंपनीही वेळ घेते, पण तो वेळ तांत्रिक छाननीचा असतो आणि कोणत्या टप्प्यावर गाडी आहे हे विचारले तर सरळ सांगतात. जपानी अधिकाऱ्याला जो प्रश्न अवघड वाटतो तो इथे रास्त ठरतो. ऑगस्टमध्ये आणि नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा या काळात उत्तर नाही आले तर त्यात काही शोधू नये. माणसे सुट्टीवर असतात.

इथे दोन्ही देशांना समान असलेला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. ग्राहक विचारतो, ‘या व्यासावर दहा मायक्रॉनची मर्यादा पाळता येईल का?’ आपले नेहमीचे उत्तर: ‘हो, होऊन जाईल.’ त्यामागे खोटेपणा नसतो. पाहुण्याला निराश करू नये आणि पुढे काही मार्ग निघेलच हा भाव असतो. पण ऐकणाऱ्याच्या वहीत हो अशी नोंद होते. दुसरे उत्तर असे असू शकते: ‘आमच्या सध्याच्या यंत्रावर पंधरा मायक्रॉन खात्रीने देतो. दहा हवे असतील तर ग्राइंडिंगची एक पायरी वाढेल, नगामागे खर्च इतका वाढेल, आणि सुरुवातीला सहा आठवडे लागतील.’ यात अर्धा नकार आहे, तरी विश्वास वाढवणारे उत्तर हेच. सहा हजार किलोमीटर दूर बसलेल्या खरेदीदाराला आमचा कारखाना रोज दिसत नाही. आमची उत्तरेच त्याला दिसतात, आणि उत्तरांवरून तो मालाचा अंदाज बांधतो.

अमेरिकन खरेदीदाराशी उलट दिशेची चूक होते. पहिल्या नावाने हाक, हसतमुख बोलणे, ‘फार छान, आपण नक्की काम करू’ असे उद्गार, आणि लहानशी चाचणी ऑर्डर खरोखरच लवकर मिळते. आपण त्याला नाते समजतो. ते उद्गार सौजन्याचे असतात, आणि ती ऑर्डर म्हणजे खरेदी अधिकाऱ्याने स्वतःच्या अधिकारात करून पाहिलेला प्रयोग असतो. जितक्या लवकर तो सुरू झाला तितक्याच लवकर थांबू शकतो. म्हणजे जपानी शांततेला आपण नकार समजतो आणि अमेरिकन उत्साहाला होकार, आणि दोन्हीकडे नुकसान सोसतो. उत्साहाच्या प्रसंगी विचारायचे प्रश्न साधे आहेत: पुढचे पाऊल कोणते, कोणत्या तारखेला, खरेदीचा अधिकृत क्रमांक केव्हा मिळेल? अमेरिकनाला यात काहीच वावगे वाटत नाही.

आखाताचा विचार महाराष्ट्राला कांदा, द्राक्षे आणि हापूसमुळे जवळचा. तिथल्या मजलिशीच्या रीती पुष्कळदा सांगितल्या जातात: उजवा हात, कॉफीचा पहिला पेला न नाकारणे, स्त्रीने हात पुढे केल्याशिवाय आपण न करणे. बैठकीत फोन येतात, दुसरे पाहुणे येऊन बसतात, विषय सोडून घरच्या चौकश्या होतात. यजमान तुम्हाला टाळतो आहे असा त्याचा अर्थ नाही. निर्णय मालक एकटा घेतो, म्हणून माणूस पारखण्यात वेळ जातो आणि पारख झाली की होकार दोन मिनिटांत येतो. मात्र दिनदर्शिका तपासून घ्यावी. संयुक्त अरब अमिरातीने जानेवारी २०२२ पासून आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवारी नेली आणि शुक्रवार अर्धा दिवस केला. सौदी अरेबियात सुट्टी शुक्रवार-शनिवारीच आहे. रमजानमध्ये कामाचे तास कमी होतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, दुबईच्या अल अविर भाजी-फळ बाजारात तुमचा खरेदीदार अरब असेलच असे नाही. तो केरळचा, सिंधी किंवा पाकिस्तानी व्यापारी असण्याची शक्यता मोठी. त्याच्यापुढे पुस्तकातला अरबी शिष्टाचार करून दाखवणे म्हणजे त्याला न ओळखणे.

इथेच या विषयावरचा सर्वांत गंभीर आक्षेप येतो: देशावरून माणूस ठरवणे चूक आहे, मग हे सगळे कशाला? आक्षेप बरोबर आहे आणि अल अविरचे उदाहरण त्याच्या बाजूचे आहे. म्हणूनच मी वर जे सांगितले ते शक्य तितके कार्यपद्धतीबद्दल सांगितले. रिंगीचा कागद फिरतो की नाही हे त्या कंपनीत विचारता येते. लहान, मालकाने चालवलेल्या जपानी कंपनीत तो फिरत नसेलही, आणि तिथे मालक भेटीतच हो म्हणू शकतो. देशाची माहिती ही पहिला अंदाज बांधण्यापुरती. पहिल्याच प्रत्यक्ष पुराव्यापुढे ती मागे घ्यावी.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे बदलले, व्हिडिओ बैठका आणि तरुण अधिकारी आले, जगभर एकच व्यापारी रीत झाली. वेश आणि भाषा एक झाली, हे खरे. पण २०२० मध्ये जपानचे मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कागदांवरच्या मोहोरांविरुद्ध मोहीम काढली आणि अनेक कंपन्यांनीही कागद सोडला, तेव्हा पुष्कळ ठिकाणी मोहोरेची जागा संगणकावरच्या मंजुरीने घेतली. कागद गेला तरी विभागाविभागांतून फिरण्याची पायरी त्या प्रणालीत उरली. व्हिडिओने तर एक अडचण वाढवली: कार्डांची मांडणी नाही, खुर्च्यांचा क्रम नाही, कोपऱ्यात गप्प बसलेला ज्येष्ठ कॅमेरा बंद ठेवून असतो. म्हणून बैठकीआधी सहभागी लोकांची नावे आणि विभाग मागून घेणे आता जास्त गरजेचे झाले आहे.

तिसरा आक्षेप कारखानदारांचा आणि सर्वांत खरा: दर आणि दर्जा विकतो, शिष्टाचार नव्हे, आणि दीड वर्ष थांबायला आमच्याकडे भांडवल कुठे आहे? पहिल्या भागाला उत्तर असे की दर्जा नसेल तर कोणताही शिष्टाचार उपयोगी पडत नाही, हे मान्यच. पण खरेदीदाराच्या अंतिम यादीतले तीन-चार पुरवठादार दर्जात जवळपास सारखेच असतात, आणि त्यांच्यात निवड करताना कोणाची उत्तरे पूर्ण, वेळेवर आणि खरी होती हेच पाहिले जाते. दुसऱ्या भागाला माझ्याकडे सुखद उत्तर नाही. ज्याच्या खात्यात सहा महिन्यांचा खर्च निघेल एवढी गंगाजळी नाही त्याने पहिला निर्यात-ग्राहक म्हणून मोठी जपानी वाहनभाग कंपनी धरू नये. चाकणमधल्या तिच्याच भारतीय शाखेला किंवा वरच्या पुरवठादाराला आधी माल द्यावा, नोंदी ठेवण्याची सवय तिथे लागते, आणि जपानमधल्या विभागांना दाखवायला जुना हिशेबही तयार होतो. अर्धपोटी थांबणाराच दहाव्या दिवशी चार टक्के सोडतो.

आणि आपणच का वाकायचे, असेही विचारले जाते. विकणाऱ्याने विकत घेणाऱ्याची रीत शिकणे ही जगभरची व्यापारी चाल आहे. सुरतेपासून मस्कतपर्यंत आपल्याच व्यापाऱ्यांनी ती शतकानुशतके पाळली. पण रीत शिकणे आणि लाचार होणे यात अंतर आहे. अशक्य तारखेला कारणासह नकार देणारा पुरवठादार जपानमध्येही टिकतो. हो म्हणून चुकणारा टिकत नाही.

पुण्यातल्या औद्योगिक संघटना आणि प्रशिक्षण संस्था परदेशी शिष्टाचाराच्या कार्यशाळा घेतात, त्यांना एक विनंती आहे. अभिवादन अर्ध्या तासात शिकवा आणि उरलेला दिवस प्रत्यक्ष प्रश्नावल्यांवर घालवा: तीस प्रश्नांना पूर्ण उत्तरे कशी लिहायची, दराची फोड कशी द्यायची, खराब मालाची बातमी पहिल्या दिवशी कोणत्या चार ओळींत कळवायची. आणि ज्यांना या महिन्यातच दर पाठवायचा आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे: जपानी कंपन्यांचेही आर्थिक वर्ष बहुधा आपल्यासारखेच १ एप्रिलला सुरू होते, त्याच सुमारास तिथे बदल्या होतात, आणि २९ एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुट्ट्यांची मालिका असते. मार्चअखेर पाठवलेल्या दराला मेच्या मध्यापर्यंत उत्तर नाही आले, तर दर बदलू नका.